बोलणारा मध्येच शब्द फिरवतो तेव्हा: आयल्ट्स लिसनिंगमधल्या नोट्स कशा भरायच्या

"मंगळवारी ये संध्याकाळी. अगं नाही, मंगळवारी अंगारकी आहे, मी देवळात असेन. बुधवारी ये." मावशीचा असा फोन आला तर कुणी मंगळवारी जाऊन बंद दार ठोठावत नाही. मनातला मंगळवार खोडावाही लागत नाही, आपोआप त्याचा बुधवार होतो. हेच आयल्ट्सच्या लिसनिंगमध्ये इंग्रजीतून घडलं की मात्र उत्तरात हमखास 'ट्यूजडे' पडतो. नंतर तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं की विद्यार्थी कपाळावर हात मारतो, "हे तर मला कळलं होतं!" आणि ते खरं असतं. बोलणाऱ्याने शब्द फिरवला त्या क्षणी याचा हात ट्यूजडेचं स्पेलिंग लिहिण्यात गुंतला होता आणि कानही हाताच्या मागे गेला होता.

परीक्षा नव्याने देणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. लिसनिंगचे चार भाग, चाळीस प्रश्न, साधारण अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग, आणि ते एकदाच ऐकवतात. नोट कम्प्लिशनमध्ये कुणीतरी घाईत लिहिल्यासारखी टिपणं असतात आणि त्यांत मध्ये मध्ये जागा रिकाम्या असतात. किती शब्द चालतील ते वर लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ 'वन वर्ड अँड/ऑर अ नंबर'. उत्तरं रेकॉर्डिंगमध्ये प्रश्नांच्याच क्रमाने येतात. बोलता बोलता स्वतःला दुरुस्त करणारी माणसं मुख्यतः पहिल्या भागात भेटतात. तिथे दोघांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं असतं: खोली भाड्याने घेणं, क्लासची चौकशी, हरवलेल्या बॅगेची तक्रार. चौथ्या भागातल्या व्याख्यानात वक्ता असा अडखळत नाही, म्हणून पुढचं सगळं पहिला भाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी आपली चूक कोणती ते बघा

तुमच्या शेवटच्या दोन-तीन सराव चाचण्यांमधली चुकलेली उत्तरं काढा आणि रेकॉर्डिंगच्या छापील संहितेशी ताडून बघा. अधिकृत सराव चाचण्यांबरोबर ही संहिता मिळते. प्रत्येक चुकीच्या उत्तराबद्दल एकच प्रश्न विचारायचा: मी लिहिलेला शब्द त्या संभाषणात कुणी उच्चारला होता का?

उच्चारला असेल, आणि तोही बरोबर उत्तराच्या आसपासच्या एक-दोन वाक्यांत, तर तुमचे कान ठीक आहेत. निवड चुकते आहे. हा लेख तुमच्यासाठी आहे. जागा कोरी राहिली असेल किंवा संभाषणात मुळी नसलेला शब्द लिहिला असेल, तर अडचण शब्दसंग्रहाची किंवा उच्चार ओळखण्याची आहे, आणि खालच्या युक्त्यांनी ती सुटणार नाही. दोन्ही आजारांवर एकच औषध घेणारे बरेच भेटतात. ते महिनाभर रोज एक चाचणी सोडवतात आणि गुण होते तिथेच राहतात.

'शेवटचं ऐकलं ते लिहा' हा सल्ला का फसतो

क्लासमध्ये आणि व्हिडिओंमध्ये एक नियम सर्रास सांगतात: दोन उत्तरं ऐकू आली तर दुसरं लिहा, कारण पहिलं जाळं असतं. नियम सोपा असल्यामुळे आवडतो. मीही सुरुवातीला तोच शिकवत असे. पण इंग्रजीत दुरुस्ती एकाच साच्यातून येत नाही, आणि नियम प्रत्येक साच्याला लागू पडत नाही.

पहिल्या साच्यात चूक आधी, मग खूण, मग खरं उत्तर अशी रचना असते: "ऑन ट्यूजडे, नो, सॉरी, थर्सडे." आपल्या 'अगं नाही'सारखंच. इथे दुसरं लिहिणारा जिंकतो.

आता हे बघा: "इट्स थर्सडे, नॉट ट्यूजडे ॲज इट सेज ऑन द वेबसाइट." बरोबर उत्तर आधी येऊन गेलं आणि कानात शेवटी राहिला तो ट्यूजडे. दुसरं लिहिणारा इथे सपशेल फसतो. 'नॉट'नंतर येणारा शब्द बाद असतो. मराठीत आपण "मंगळवारी नाही, गुरुवारी" असं म्हणतो, म्हणजे आपला नकार बाद शब्दाच्या मागे येतो. इंग्रजीत तो पुढे येतो. अर्धवट ऐकणाऱ्या मराठी कानाला 'थर्सडे, नॉट' हे दोन शब्द जोडीने ऐकू येतात आणि तो थर्सडेच बाद करून टाकतो.

तिसरा साचा अधिक चकवतो, कारण त्यात खूण सगळ्यात शेवटी येते: "द मीटिंग इज ऑन ट्यूजडे... थर्सडे, आय शुड से." किंवा दुसरा माणूस विचारतो, "ॲट सेव्हन?" आणि उत्तर येतं, "हाफ पास्ट सिक्स, ॲक्च्युअली." 'ॲक्च्युअली' ऐकून पुढच्या शब्दाची वाट पाहत बसाल, तर तो येणारच नाही, उत्तर आधीच होऊन गेलं.

आणि कधी खूण असते पण दुरुस्ती नसते. 'हँग ऑन', 'लेट मी चेक' असं म्हणून बोलणारा कागद चाळतो आणि पहिलंच उत्तर कायम करतो: "यस, दॅट्स राइट." म्हणून 'सॉरी', 'ॲक्च्युअली', 'नो, वेट' या शब्दांचा अर्थ 'उत्तर बदला' असा घेऊ नका. त्यांचा अर्थ एवढाच: अजून निर्णय झालेला नाही, ऐकत राहा.

पायरी पहिली: जागा कोणत्या अटीवर रिकामी आहे

भाग सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. त्यात बहुतेक जण इथे वार येईल, इथे किंमत येईल एवढंच ठरवतात. दुरुस्तीच्या वेळी ते पुरत नाही, कारण फसवं उत्तरही वारच असतं आणि खरंही वारच असतं. दोघांना वेगळं करते ती नोटमधली अट. शीर्षकात 'बिगिनर्स' आहे का? किमतीपुढे 'फॉर सिक्स वीक्स' लिहिलंय का? तारीख निघण्याची आहे की पोचण्याची? अशा एकेका शब्दाखाली रेघ मारा, संगणकावर असाल तर तो हायलाइट करा. बोलणारा जेव्हा दोन आकडे देतो, तेव्हा त्यांतला एक बहुधा दुसऱ्याच कुणाचा असतो: गेल्या वर्षीचा, विद्यार्थ्यांसाठीचा, पुढच्या इयत्तेचा.

पायरी दुसरी: कच्चं लिहा, पक्कं उशिरा करा

पहिला शब्द ऐकू आला की तो अजिबात लिहायचा नाही, हाही सल्ला मी ऐकला आहे. तो माणसाला झेपत नाही. तीन प्रश्न पुढे गेल्यावर आकडा डोक्यातून उडतो. लिहायचं, पण फार तर दोन अक्षरांत. कागदावरची परीक्षा असेल तर प्रश्नपत्रिकेवर कसंही खरडायची मुभा असते, कारण उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला शेवटी दहा मिनिटं मिळतात. 'ट्यू', 'थ' असं मराठीत खरडलंत तरी तिथे विचारणारं कुणी नाही. बदललं तर रबर शोधू नका; एक आडवी रेघ मारा आणि शेजारी नवं लिहा. खोडत बसलेल्या त्या दोन-तीन सेकंदांत पुढचं उत्तर निघून जातं, म्हणजे एका प्रश्नाची किंमत दोन प्रश्नांनी मोजावी लागते.

संगणकावर ती दहा मिनिटं नाहीत, शेवटी तपासायला फक्त दोन मिनिटं मिळतात. तिथे चौकोनात शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरं टंकायची आणि बोलणारा पुढच्या मुद्द्याकडे वळला की शब्द पुरा करायचा. अर्धवट शब्द तसाच राहून जाऊ नये, म्हणून ती दोन मिनिटं आधी अशा चौकोनांवरच घालवा.

एक पळवाट मात्र बंद आहे. खात्री नाही म्हणून एकाच जागेत 'ट्यूजडे/थर्सडे' अशी दोन्ही उत्तरं लिहिली तर गुण मिळत नाही.

पायरी तिसरी: पुढच्या प्रश्नाची चाहूल लागेपर्यंत जागा उघडी ठेवा

उत्तर कधी पक्कं करायचं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. बोलणाऱ्याने पुढच्या नोटमधला विषय काढला की. वेळेची नोट संपून खाली 'कॉस्ट' असेल, तर "अँड हाऊ मच इज इट?" ऐकू येईपर्यंत वेळ बदलू शकते. म्हणून डोळे एकाच वेळी दोन ओळींवर हवेत, आत्ताच्या आणि पुढच्या. ही सवय लागायला वेळ लागतो. पहिले काही दिवस दोन्ही ओळींवर बोट ठेवून ऐकलं तर सोपं जातं.

आवाजही मदत करतो. दुरुस्त केलेल्या शब्दावर, आणि त्यातही बदललेल्या भागावर, इंग्रज माणूस जोर देतो. "नॉट फिफ्टी, फिफ्टीन" म्हणताना एरवी घाईत जाणारा 'टीन' चांगला ठासून येतो. चुकीचा शब्द मात्र बहुधा तुटतो किंवा हवेत लटकतो, वाक्याचा सूर खाली उतरत नाही. सूर लटकलेला असेल तर पेनही लटकतं ठेवा.

एक संभाषण, पाच जागा

हे मी सरावासाठी रचलेलं संभाषण आहे. एक माणूस कुंभारकामाच्या वर्गाची चौकशी करायला फोन करतो. शब्दमर्यादा 'वन वर्ड अँड/ऑर अ नंबर' आणि नोट्स अशा:

पॉटरी क्लास (बिगिनर्स)
एव्हरी (१) ______
स्टार्ट्स ॲट (२) ______ पीएम
कॉस्ट: £ (३) ______ फॉर सिक्स वीक्स
ब्रिंग ॲन ओल्ड (४) ______
बुकिंग रेफरन्स: (५) ______

बाई: "द बिगिनर्स क्लास इज ऑन ट्यूजडेज. वेल, इट वॉज लास्ट टर्म. वी'व्ह मूव्हड इट टू थर्सडेज."

माणूस: "थर्सडेज आर फाइन. ॲट सेव्हन?"

बाई: "हाफ पास्ट सिक्स, ॲक्च्युअली. इट्स द ॲडव्हान्स्ड ग्रुप दॅट स्टार्ट्स ॲट सेव्हन."

माणूस: "अँड हाऊ मच इज इट?"

बाई: "एटी-फाइव्ह पाउंड्स फॉर द सिक्स वीक्स. हँग ऑन, आर यू अ स्टुडंट?"

माणूस: "नो, आय'म नॉट."

बाई: "देन इट्स एटी-फाइव्ह. इट वुड हॅव बीन सिक्स्टी. क्ले इज इन्क्लुडेड, बट ब्रिंग ॲन ओल्ड एप्रन. ऑर रादर, अ शर्ट, समथिंग विथ लाँग स्लीव्ह्ज. युवर बुकिंग रेफरन्स इज फोर-वन-सिक्स, एट-ओ-फाइव्ह. सॉरी, दॅट्स फोर-सिक्स-वन ॲट द स्टार्ट."

आता एकेक जागा घेऊ. पहिल्या जागेत 'नो' किंवा 'सॉरी' कुठेच नाही. दुरुस्ती फक्त काळातून होते: 'इज'चं 'वॉज' झालं आणि 'लास्ट टर्म' आलं. "मंगळवारी असतो" म्हणता म्हणता "असायचा" म्हटल्यासारखं. उत्तर थर्सडे.

दुसऱ्या जागेत 'सेव्हन' दोनदा ऐकू येतं, एकदा आधी आणि एकदा नंतर, आणि खरं उत्तर मधे दाबलं जातं. वर 'बिगिनर्स'खाली रेघ मारली असेल, तर 'ॲडव्हान्स्ड' हा शब्द कानावर पडताच शेवटचं सेव्हन गळून पडतं. उत्तर ६.३०, तेही आकड्यात. 'हाफ पास्ट सिक्स' असं शब्दांत लिहिलंत तर तीन शब्द होतात आणि मर्यादा मोडते. जाता जाता: ब्रिटिश बोलण्यात नुसतं 'हाफ सिक्स' आलं तरी ते साडेसहाच.

तिसऱ्या जागेत 'हँग ऑन' ही हूल आहे. उत्तर बदलणार असं वाटतं, पण एटी-फाइव्ह कायम राहतं आणि शेवटी कानात सिक्स्टी उरतं. 'वुड हॅव बीन' म्हणजे झालं असतं, म्हणजे झालं नाही. इथे मराठी डोक्याला आणखी एक खड्डा आहे. 'एटी-फाइव्ह' ऐकून मनात 'पंच्याऐंशी' म्हटलं की पाच आधी येतो, कारण आपण एकक आधी बोलतो. घाईत ५८ लिहिणारे मी पाहिले आहेत. म्हणून आकड्याचं भाषांतर करू नका. एटी कानावर पडताच ८ लिहा आणि पुढच्यासाठी थांबा.

चौथी जागा सरळ आहे: एप्रन गेलं, शर्ट आला. मात्र 'स्लीव्ह्ज' हा शब्द सगळ्यात शेवटी येतो आणि नेमका तोच लिहिला जातो. नोटमध्ये 'ॲन ओल्ड' आहे, म्हणजे एकवचनी वस्तू हवी. 'ॲन ओल्ड स्लीव्ह्ज' इंग्रजीत बसणारच नाही. व्याकरण असं फुकटात उत्तर तपासून देतं.

पाचव्या जागेत दुरुस्ती मागे जाऊन होते, आणि तीही तुकड्याची. सहा आकडे सांगून झाल्यावर बाई पहिले तीन बदलते. शेवटचं ऐकलं ते लिहिणाऱ्याच्या हाती फक्त ४६१ उरतं. म्हणून लांब आकडे नेहमी बोलणाऱ्याच्या विसाव्याप्रमाणे गटांत लिहा: ४१६, थोडी जागा, ८०५. मग 'ॲट द स्टार्ट' ऐकलं की पहिल्या गटावर रेघ मारून वर ४६१ लिहायचं. उत्तर ४६१८०५. स्पेलिंग सांगतानाही हेच होतं, "नो, दॅट्स अ डबल एल" असं येतं आणि मधलं एकच अक्षर बदलतं. म्हणून अक्षरंही सुटी सुटी लिहावीत.

हिशोब करून बघा. पहिलं ऐकलेलं उत्तर लिहिणाऱ्याला पाचपैकी एक गुण मिळतो, तिसऱ्या जागेचा. शेवटचं वार, वेळ, किंमत, वस्तू आणि आकडा लिहिणाऱ्याला वाराचाच एक, आणि 'स्लीव्ह्ज'च्या मोहात पडला नाही तर दोन. दोन्ही नियम नापास.

निसटलंच तर

दुरुस्ती झाली एवढं कळलं पण काय झाली ते कळलं नाही, असं होतंच. अशा वेळी कच्चं उत्तर तसंच ठेवा, शेजारी एक टिंब द्या आणि पुढच्या ओळीवर जा. काही वेळा दुसरा माणूस उत्तराची उजळणी करतो, वरच्या संभाषणातल्या "थर्सडेज आर फाइन"सारखी, आणि ते आयतं मिळतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरी जागा सोडण्यात काही फायदा नाही.

सराव कसा करायचा

एक चाचणी संपूर्ण सोडवण्यापेक्षा पहिल्याच भागाची चार रेकॉर्डिंग घ्या. पहिल्यांदा काहीही न लिहिता ऐका आणि बोलणाऱ्याने शब्द फिरवला असं वाटलं की टेबलावर टिचकी मारा. नंतर संहिता उघडून किती टिचक्या बरोबर पडल्या ते मोजा. सुरुवातीला 'सॉरी' आणि 'नो' असलेल्या जागी टिचकी पडते, 'इट वॉज लास्ट टर्म'सारख्या जागी पडत नाही. हुकलेल्या जागांची वाक्यं वहीत उतरवा. वीस-पंचवीस वाक्यं जमली की आपल्याला नेमका कोणता साचा ऐकू येत नाही ते कळतं.

दुसरा सराव जोडीने करायचा. मित्राला किराण्याची यादी इंग्रजीतून वाचायला सांगा. दर तीन जिनसांमागे त्याने एक फिरवायची: कधी खूण आधी, कधी नंतर, कधी 'लेट मी चेक' म्हणून काहीच न बदलता. तुम्ही यादी लिहायची. जमू लागलं की त्याला सगळे खुणेचे शब्द गाळायला सांगा. नुसतं "टू किलोज... थ्री किलोज ऑफ राइस", आणि त्यात 'थ्री'वर थोडा जोर. माझ्याकडची मुलं या फेरीत आधी गोंधळतात आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करून पाच किलो तांदूळ लिहितात.